काजू कारखान्याला आलेल्या ASMT-10 नोटिशीचे उत्तर नीट कसे मांडावे?

प्रश्न: वेंगुर्ले तालुक्यात आमचा लहानसा काजू कारखाना आहे. २०२२-२३ सालासाठी राज्य जीएसटी कार्यालयाकडून ASMT-10 आली आहे. GSTR-2B पेक्षा १,९४,२०० रुपये जास्त क्रेडिट घेतले, असे त्यात म्हटले आहे. मी तीन पानी उत्तर लिहून सोबत जोडले आहे, पण ते वाचून साहेबांना काहीच कळणार नाही, असे आमचा अकाउंटंट म्हणतो. कोणी नीट करून देईल का?

उत्तर: तुमच्या मसुद्यात नोटिशीचे खरे उत्तर आहे, पण ते तिसऱ्या पानाच्या तळाशी एका वाक्यात आले आहे: "शेतकऱ्यांच्या बीवरचा पाच टक्के तर आम्हीच भरतो." त्याआधीच्या अडीच पानांत तौक्ते वादळात उडालेले पत्रे, बदललेला सल्लागार आणि वीस वर्षांचा प्रामाणिक व्यवहार आहे. हे सगळे खरे असले तरी वादळ मे २०२१ मधले आहे आणि नोटीस त्यापुढच्या आर्थिक वर्षाची आहे. शिवाय अधिकाऱ्याने आकड्यांविषयी विचारले आहे, सचोटीविषयी नाही. म्हणून तो भाग मी पूर्ण काढला आहे आणि ते एक वाक्य वर आणले आहे.

ते वाक्य इतके महत्त्वाचे का, हे समजून घेतले तर पुढची मांडणी आपोआप सुचते. न सोललेली काजू बी शेतकऱ्याकडून घेतली की कलम ९(३) खाली तिच्यावरचा कर विकणाऱ्याने नव्हे, तर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असतो. तो तुम्ही GSTR-3B च्या 3.1(d) मध्ये दाखवून रोखीने भरता आणि त्याचेच क्रेडिट 4(A)(3) मध्ये घेता. आता GSTR-2B मध्ये काय येते? पुरवठादारांनी आपापल्या विवरणपत्रांत दाखवलेली बिले येतात. शेतकरी विवरणपत्र भरतच नाही, त्यामुळे ही रक्कम तिथे कधीच दिसणार नाही. नोटिशीत 4(A) चे सगळे क्रेडिट एकत्र धरून त्यातून 2B वजा केले आहे, आणि फरकाचा मोठा भाग तिथूनच निघाला आहे.

तुम्ही जोडलेल्या कागदांवरून १,९४,२०० रुपयांचे तीन तुकडे पडतात: बीवरच्या कराचे १,७८,०००, मार्च २०२२ च्या पॅकिंग बिलाचे ११,७००, आणि बॉयलर दुरुस्तीचे एकच बिल दोनदा धरल्याने आलेले ४,५००. तिसरा तुकडा तुम्ही मसुद्यात उल्लेखलेलाच नाही. तो लपवू नका. दोन तुकडे बरोबर आणि एक चूक, असे स्वतःहून सांगणारे उत्तर अधिकाऱ्याला तपासून लगेच बाजूला ठेवता येते. सगळेच बरोबर आहे म्हणणारे उत्तर मात्र त्याला ओळीओळीने उकरावे लागते.

मी केलेला मसुदा असा:

> विषय: आर्थिक वर्ष २०२२-२३ च्या ASMT-10 नोटिशीस उत्तर (नोटीस क्रमांक व दिनांक येथे लिहावा).
>
> १. नोटिशीत GSTR-3B मधील क्रेडिट ४,८६,२०० रुपये व GSTR-2B मधील क्रेडिट २,९२,००० रुपये दाखवून १,९४,२०० रुपयांचा फरक नमूद केला आहे. हे आकडे आम्हांस मान्य आहेत. फरकाची फोड पुढीलप्रमाणे आहे.
>
> २. रुपये १,७८,०००: आम्ही शेतकऱ्यांकडून न सोललेली काजू बी एप्रिल २०२२ मध्ये १२,४०,००० रुपयांची, मे २०२२ मध्ये १६,८०,००० रुपयांची व मार्च २०२३ मध्ये ६,४०,००० रुपयांची खरेदी केली. तिच्यावरील ५ टक्के कर, अनुक्रमे ६२,०००, ८४,००० व ३२,००० रुपये, आम्ही कलम ९(३) नुसार रोखीने भरला असून तो त्या त्या महिन्याच्या 3.1(d) मध्ये दर्शविला आहे. तेवढेच क्रेडिट 4(A)(3) मध्ये घेतले आहे. पुरवठादार अनोंदणीकृत शेतकरी असल्याने ही रक्कम GSTR-2B मध्ये दिसत नाही. (जोडपत्र अ व ब)
>
> ३. रुपये ११,७००: हे ६५,००० रुपयांच्या पॅकिंग साहित्याच्या मार्च २०२२ मधील बिलाचे क्रेडिट आहे. ते मार्च २०२२ च्या GSTR-2B मध्ये दिसते. आम्ही ते एप्रिल २०२२ च्या GSTR-3B मध्ये, कलम १६(४) च्या मुदतीत घेतले. (जोडपत्र क)
>
> ४. रुपये ४,५००: एका बिलाचे क्रेडिट सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्यांदा घेतले गेले. ही तफावत आम्ही मान्य करीत असून देय रक्कम DRC-03 द्वारे भरली आहे. (जोडपत्र ड)
>
> ५. विनंती: परिच्छेद २ व ३ मधील एकूण १,८९,७०० रुपयांबाबतचा खुलासा व परिच्छेद ४ मधील भरणा स्वीकारून ASMT-12 मध्ये तसे कळवावे. कोणताही भाग अमान्य होत असल्यास त्यापूर्वी प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.

नोटिशीत केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा दाखवला असेल, तर प्रत्येक रक्कम निम्मी-निम्मी करून तशीच लिहा. "आमच्यावर मेहरबानी करून दंड माफ करावा" हे तुमचे शेवटचे वाक्य मी वगळले आहे, कारण या टप्प्यावर दंड लावलेलाच नाही आणि न लावलेल्या गोष्टीची माफी मागितली की आपण चूक मान्य केल्यासारखे वाचले जाते.

जोडपत्र अ म्हणजे महिन्यानिहाय खरेदीचा तक्ता आणि त्यामागे तुम्ही स्वतःच्या नावे काढलेली बिले. इथे एक गोष्ट नीट पाहा. बी देणारा शेतकरीच असला पाहिजे. गावातल्या व्यापाऱ्याकडून घेतलेला माल या तरतुदीत बसत नाही, तेव्हा तशी एखादी खरेदी तक्त्यात मिसळली असेल, तर परिच्छेद २ चा आकडा उत्तर पाठवण्यापूर्वीच बदलावा लागेल.

जोडपत्र ब म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर, आणि गफलत बहुधा याच कागदात होते. मार्च २०२३ चा कर तुम्ही विवरणपत्र भरताना, म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये भरला. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३ एवढाच उतारा काढला, तर त्यात ३२,००० रुपये दिसणार नाहीत आणि उलट मार्च २०२२ चा भरणा मात्र दिसेल. तेव्हा उतारा ३० एप्रिल २०२३ पर्यंतचा काढा आणि तारखेऐवजी करकालावधी पाहून तीन नोंदींवर खूण करा. तक्त्यातला आणि लेजरमधला आकडा रुपयाला रुपया जुळला पाहिजे.

४,५०० रुपयांवरचे व्याज वर्षाला १८ टक्के दराने, म्हणजे ८१० रुपये होते; पण चुकीने घेतलेले क्रेडिट वापरले गेले असेल तरच ते लागते. क्रेडिट लेजरची शिल्लक त्या तारखेपासून आजवर कधी ४,५०० च्या खाली गेली का, ते तपासा. गेली असेल तर तेव्हापासूनचे दिवस मोजून व्याजही DRC-03 मध्येच भरा आणि परिच्छेद ४ मध्ये दोन्ही रकमा वेगळ्या लिहा. भरणा आधी करा, उत्तर नंतर पाठवा, म्हणजे "भरली आहे" हे वाक्य त्या दिवशी खरे असेल.

उत्तर पोर्टलवरच, त्या नोटिशीच्या Replies या भागातून ASMT-11 म्हणून जाते. कार्यालयात दिलेला कागद त्याची जागा घेत नाही. नोटीस मिळाल्यापासून साधारण ३० दिवस मिळतात, नेमकी तारीख नोटिशीत असते. लेजर जुळवण्यात ती निघून जाईल असे वाटले, तर मुदतवाढीचा अर्ज त्या तारखेच्या आतच द्या आणि त्यात कोणता कागद काढायचा राहिला आहे ते लिहा.