पन्नासाव्या लेव्हलनंतर काय?

प्रश्न: मी पंचवटीत राहतो आणि बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी बनवलेल्या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये ५० लेव्हल आहेत. मित्र साधारण २० तासांत पन्नासावी गाठतात आणि खेळणे सोडतात. प्रेस्टिज, म्हणजे शेवटची लेव्हल गाठल्यावर पुन्हा पहिलीपासून सुरुवात करण्याची सोय, घातले तर ते टिकतील का? गेम डिझायनरच्या मुलाखतीत हे काम दाखवू का?

उत्तर: दाखवा, पण सोबत हिशेब ठेवा, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येण्याची शक्यता आहे.

लेव्हलची मर्यादा काढून टाकणे हा उपाय नाही, कारण उशिरा आलेला खेळाडू जुन्यांना गाठू शकतो तो मर्यादेमुळेच. 'डायब्लो ३'मध्ये कमाल लेव्हलनंतर मिळणाऱ्या पॅरागॉन लेव्हलवरची १०० ची मर्यादा २०१४ साली उठली, तेव्हा जास्त वेळ खेळणाऱ्याची ताकद वाढतच राहिली. त्याच वर्षी सुरू झालेल्या, ठरावीक काळ चालणाऱ्या सीझनमध्ये मात्र सर्वांना शून्यापासून सुरुवात करता येऊ लागली.

'कॉल ऑफ ड्यूटी ४'ने २००७ साली वेगळी वाट धरली. ५५ व्या लेव्हलनंतर खेळाडू स्वतःहून पुन्हा पहिल्या लेव्हलवर जाई, मिळवलेल्या बंदुका गमावी आणि बदल्यात एक नवे चिन्ह मिळवी; हे दहा वेळा करता येई. नेम आणि नकाशांची ओळख मात्र जात नसे, त्यामुळे सुरुवातीच्या बंदुकीवरही तो लढू शके आणि बंदुका उघडण्याची मजा त्याला पुन्हा मिळे. तुमच्या गेममध्ये चाळिसाव्या लेव्हलची बंदूक पहिलीपेक्षा फारच भारी असेल, तर हेच प्रेस्टिज त्याला शिक्षा वाटेल. शिवाय खेळाडूंची गाठ लेव्हल पाहून घालत असाल, तर प्रेस्टिज घेतलेला मुरलेला खेळाडू नवख्यांच्या सामन्यात शिरेल आणि नवखेच पळतील. म्हणून गाठ हार-जीत पाहून घाला.

आता बक्षीस. समजा, प्रत्येक प्रेस्टिजला लेव्हल चढवणाऱ्या अनुभवगुणांवर कायमची १० टक्के वाढ दिली आणि ती मूळ गुणांवरच मोजली. पहिली फेरी २० तासांची, दुसरी सुमारे १८ तास १० मिनिटांची. म्हणजे पावणेदोन तासांहून अधिक बचत. नववी फेरी ११ तास ७ मिनिटांची आणि दहावी १० तास ३२ मिनिटांची, म्हणजे बचत अवघी ३५ मिनिटे. बक्षीस कागदावर तेवढेच, पण खेळाडूला ते जाणवेनासे होते. वाढ चक्रवाढ ठेवली तर उलट दहावी फेरी साडेआठ तासांत आटोपते आणि बंदुका पाहून होण्याआधीच हातातून निसटतात. माझ्या मते वेग वाढवूच नका. दर फेरीला नवे चिन्ह आणि एखादी बंदूक कायमची राखण्याची मुभा द्या.

मग तीन नोंदी ठेवा: पन्नासाव्या लेव्हलला पोहोचलेल्यांपैकी किती जणांनी प्रेस्टिज घेतले, त्यांपैकी किती जण आठवड्याने परत आले आणि परतलेले कोणत्या लेव्हलला थांबले. बरेच जण दुसऱ्या फेरीच्या पहिल्या दहा लेव्हलमध्येच थांबले, तर दोष बहुधा गमावलेल्या बंदुकांचा आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीत थांबले, तर बक्षीस संपले असे समजा. या नोंदी आणि त्यावरून केलेला एक बदल मुलाखतीला घेऊन जा.