पापड करपतो, नाहीतर सादळतो

प्रश्न : धुळ्यात राहते. उडदाचा पापड भाजताना कडेला करपतो आणि मध्ये कच्चा राहतो. तळला तर तेलकट होतो. उघडलेलं पाकीट पावसाळ्यात आठवड्यातच मऊ पडतं. काय करू?

ताई, सुरुवात पाकिटापासूनच करा, कारण बाकीचा त्रास बहुतेक तिथूनच येतो. पापडात मीठ आणि पापडखार असतो, तो हवेतली ओल ओढून घेतो. मे महिन्यात आपल्याकडे पापड उघडा राहिला तर वाळून तडकतो, आणि आषाढ लागला की तोच सादळतो. सादळलेला पापड हाताला गार, चिकटसर लागतो आणि एकमेकांना चिकटतो. तो विस्तवावर धरला की जागोजागी फोड येतात, बाकीचा भाग पिवळट, कडक राहतो. तो भाजेपर्यंत आधीचे फोड काळे पडतात. म्हणून असे पापड सुटे करून कोवळ्या उन्हात अर्धा तास ठेवा. ऊन नसेल तर गॅस बंद करून कोमट तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून घ्या. कडक उन्हात मात्र दिवसभर टाकू नका, वाकडे होऊन मोडतात.

भाजताना आच मध्यम ठेवा. चिमट्यात धरून आधी कडा फिरवत भाजा, मग मधला भाग. पापड एका जागी थांबू द्यायचा नाही. पारदर्शक पिवळेपणा जाऊन पांढरट दिसला की झाला. तपकिरी होईपर्यंत थांबलात तर कडवट लागणारच. नागलीच्या पापडाला ही खूण चालत नाही, तो मुळातच काळपट. तिथे फुगलेल्या अंगाकडे बघायचं.

तळायला तेल नीट तापलंय का, हे पापडाचा तुकडा टाकून बघा. लगेच फुलून वर आला तर ठीक. तळाशी बसला तर तेल थंड आहे, आणि असाच पापड तेल पितो. टाकल्या टाकल्या लाल झाला तर आच कमी करा. उडदाच्या पापडाला काही सेकंद पुरतात. झाऱ्याने हलका दाबा, उलटा, लगेच काढा आणि चाळणीत उभा ठेवा.

गरम पापड एकावर एक रचू नका किंवा लगेच डब्यात झाकू नका, वाफ अडकते. वाफाळत्या खिचडीवर पापड ठेवणारे लोक मग तो मऊ झाला म्हणून कुरकुरतात, त्याला इलाज नाही.

पाकीट फोडलं की लागतील तेवढेच पापड बाहेर काढा. उरलेले त्याच प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, पूर्ण कोरड्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा गॅसच्या ओट्यापासून लांब ठेवा, तिथे कुकरची वाफ लागते. ओला हात घालू नका. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर डबा बाहेर काढून त्याचा गारवा जाईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर पापडावर पाणी सुटतं. आणि पापडाला बुरशी किंवा कुबट वास आला असेल, तर तो उन्हाने सुधारत नाही, टाकून द्या.