एनसीव्ही नॉर्मल, मग ईएमजी कशासाठी?

प्रश्न: बाबांना जमिनीवरून उठता येत नाही. एनसीव्ही नॉर्मल आली, तरी सुईची ईएमजी सांगितली आहे. दोष नसेचा की स्नायूचा, हे तिच्यातून कसं कळतं?

एनसीव्हीत नसेला विजेचा हलका झटका देऊन संदेशाचा वेग आणि जोर मोजतात. पण नोंद बहुधा हाता-पायाच्या टोकाकडून घेतली जाते. त्यामुळे आजार मांडीच्या स्नायूत असला तर ती नॉर्मल येऊ शकते. म्हणून ईएमजीत सुई थेट मांडीच्या स्नायूत घालून त्यातल्या विजेच्या लहरी बघाव्या लागतात.

एक चेतातंतू स्नायूच्या अनेक धाग्यांचा गट चालवतो. पाय हळूहळू ताणला की त्या गटांच्या लहरी पडद्यावर दिसतात. स्नायूच्या आजारात गटातले धागे घटतात, म्हणून लहर बुटकी आणि अरुंद होते. जोर कमी पडतो, म्हणून जरासा पाय ताणायलाही खूप गट एकदम कामाला लागतात.

नसेच्या जुन्या आजारात उलट घडतं. काही तंतू मरतात आणि उरलेले तंतू त्यांच्या पोरक्या धाग्यांना दत्तक घेतात. लहर उंच, रुंद होते, पण पूर्ण ताकद लावूनही मोजकेच गट दिसतात.

पाय सैल असताना दिसणाऱ्या आपोआपच्या बारीक लहरींवरून मात्र निकाल देता येत नाही. त्या नसेच्या दुखापतीत येतात, तशा स्नायूच्या दाहातही येतात. स्टिरॉइडमुळे आलेल्या अशक्तपणात तर ईएमजीसुद्धा बहुधा नॉर्मल असते, म्हणून बाबांच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सुईआधीच सांगा.