पहिला सण, नवं घर आणि १६८ भागांची यादी

प्रश्न : महिन्यापूर्वी स्वतःच्या घरात राहायला आलो. दोन महिन्यांनी इथला पहिला सण, आणि सगळे नातेवाईक घर बघायला येणार. मला वाटतं प्रत्येक खोली सजलेली हवी. नवरा म्हणतो, हप्ता सुरू झालाय, दाराला एक माळ लावली तरी खूप झालं. रोज यावरून वाजतं. कुठल्या खोल्या सजवायच्या आणि किती पैसे घालायचे, हे ठरवायचं कसं?

उत्तर : अगदी याच भांडणासाठी समुपदेशनाला आलेल्या एका जोडप्याचा हिशेब इथे मांडतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची आई. रक्कम प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून त्यांचा महिन्याचा हप्ता १०० भाग धरू आणि बाकी सगळं त्याच मापाने मोजू.

बायकोने खर्चाची यादी करून आणली होती. सगळ्या खिडक्यांचे पडदे ६२, छताचे आणि भिंतीचे दिवे २८, हॉलसाठी मोठा आरसा १८, सर्व खोल्यांसाठी माळा आणि दिव्यांच्या सरी २२, फुलं १४, बाल्कनी १०, पाहुण्यांसाठी ताटं-वाट्या १४. एकूण १६८, म्हणजे पावणेदोन हप्त्यांच्या जवळपास. नवऱ्याने बेरीज पाहिली आणि यादीच बाजूला सारली. तेव्हापासून दोघं ‘सजावट’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टींवरून भांडत होते.

पहिलं काम यादी फोडण्याचं. पडदे, दिवे आणि आरसा सण नसता तरी कधी ना कधी घ्यायचेच होते. हा घर लावण्याचा खर्च, १०८ भाग. नव्या घरात तो सणाच्या यादीत हमखास शिरतो, कारण सण ही तारीख ठरवून देतो आणि ‘पाहुणे यायच्या आत’ सगळं पुरं व्हावं असं वाटू लागतं. ताटं-वाट्या हा पाहुणचाराचा खर्च. त्या दोन दिवसांसाठी बहिणीकडून आणता येतात. उरली खरी सजावट : २२, १४ आणि १० मिळून ४६. दोघांचा वाद १६८ विरुद्ध शून्य असा चालला होता, प्रत्यक्षात तो ४६ चा होता. हा आकडा कागदावर उतरल्यावर नवरा पहिल्यांदा नीट बोलू लागला.

मग मर्यादा. ती बँकेत किती शिल्लक आहे यावरून ठरवू नये. घर घेतल्यानंतरच्या शिलकीवर आधीच बरेच हक्क असतात. किमान तीन महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च एवढी रक्कम तर हात न लावण्याची. सणाचा खर्च सणापर्यंतच्या महिन्यांत जे उरेल त्यातूनच करायचा. यांच्याकडे हप्ता आणि घरखर्च जाऊन महिन्याला ४० भाग उरत होते, त्यातले २० भावाकडून घेतलेले उसने फेडण्यात जात. राहिले २०, दोन महिन्यांचे ४०. नव्या घरात नळ, कडी, गळती असं काहीतरी निघतंच, त्यासाठी १० बाजूला ठेवले. सणाला ३०.

नवऱ्याने एक अट घातली आणि ती योग्य होती : सजावटीची कुठलीही वस्तू हप्त्यावर घ्यायची नाही. माळ उतरवून कपाटात गेल्यावरही तिचे पैसे भरत बसायचे, यातून पुढच्या सणाआधीच नवं भांडण उभं राहतं.

आता ४६ चे ३० करायचे तर खोल्या निवडणं आलं. इथे ‘सगळे घर बघणार’ ही भीती आडवी येते. ती खोटी नाही. जुन्या घरात पाहुणा हॉलमध्ये बसतो आणि निघतो, नव्या घरात त्याला प्रत्येक दार उघडून दाखवावं लागतं. पण दाखवायची खोली वेगळी आणि बसायची वेगळी. त्यांना प्रत्येक खोलीपुढे दोन आकडे लिहायला सांगितलं : पाहुणे तिथे किती मिनिटं असतील, आणि घरातलं माणूस सणाच्या दिवसांत रोज किती तास असेल.

बारा पाहुणे येणार होते. हॉलमध्ये प्रत्येकी दीड तास. दारात येता-जाता मिळून तीन-चार मिनिटं, पण एकही जण चुकणार नाही आणि घराची पहिली ओळख तिथेच. दोन्ही शयनगृहं आणि स्वयंपाकघर प्रत्येकी एखादं मिनिट, तेही उंबऱ्यातूनच. दुसऱ्या रकान्याने मात्र दोघांनाही थांबवलं. आईंचे गुडघे दुखतात, त्या दिवसाचे बरेच तास आपल्या खोलीत असतात. बायकोच्या यादीत त्यांची खोली सगळ्यात शेवटी होती, नवऱ्याच्या तर नव्हतीच. पाहुण्यांच्या नजरेने खोल्या मोजल्या की नेमकं घरातलंच माणूस मोजायचं राहतं.

वाटणी अशी झाली : हॉल १४, दार ६, आईंची खोली ३, मुलीची २, आणि ५ भाग राखीव. शयनगृह आणि स्वयंपाकघर शून्य. मुलीला तिचे २ भाग हातात दिले, काय आणायचं ते तिने ठरवायचं आणि मोठ्यांनी ते बदलायचं नाही.

शून्याच्या खोल्या ओशाळवाण्या दिसू नयेत म्हणून खर्च लागत नाही, दोन तास लागतात. न उघडलेली खोकी एकाच खोलीत रचून ते दार बंद ठेवायचं. पलंगावर धुतलेली, ताणून घातलेली चादर, जमीन मोकळी, आणि एकच दिवा पाहुणे येण्याआधीपासून चालू. अंधाऱ्या खोलीत शिरून बटण चाचपडलं की रिकामेपणा जास्त जाणवतो. बंद दाराबद्दल कुणी विचारलंच तर ‘घर अजून लागतंय’ एवढं बोलणं पुरतं. बायकोला हे वाक्य म्हणायला जड जात होतं, म्हणून ते नवऱ्याने म्हणायचं ठरलं. पडद्यांपैकी रस्त्याकडच्या शयनगृहाचा तेवढा आडोशासाठी लगेच घेतला, तोही घराच्या खात्यातून.

हॉलमध्ये चारही भिंतींना थोडं थोडं लावलं की कुठेच काही केल्यासारखं वाटत नाही. एकच भिंत घ्यावी, आत येताना समोर दिसणारी. फोटोही बहुधा तिथेच निघतात. यांची भिंत ३.६ मीटर रुंद होती, त्यातली मधली दोन तृतीयांश, म्हणजे २.४ मीटर सजवायची ठरली. माळ दोन झोल देऊन टांगायची तर प्रत्येक झोल १.२ मीटर रुंद आणि साधारण ३५ सेंटीमीटर खोल चांगला दिसतो. त्याला एकूण ३ मीटर माळ लागते. २.४ मीटरचीच आणली तर ती दोरीसारखी ताठ बसते, आणि ऐन वेळी दुसरी आणायला धावावं लागतं. दाराची चौकट १ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच असेल तर तीन बाजू मिळून ५.२ मीटर, म्हणून ६ मीटर घ्यावी. आधी दार पूर्ण उघडून बघावं. बाहेर उघडणाऱ्या जाळीच्या दारात माळ अडकते आणि पहिल्याच संध्याकाळी तुटते.

दिव्यांची सर घेण्याआधी प्लगपर्यंतचं अंतर मोजावं. यांचा त्या भिंतीवरचा प्लग टीव्हीच्या कपाटामागे गेला होता, दुसरा ४ मीटर दूर, आणि सरीची वायर होती दीड मीटर. म्हणजे एक लांब एक्स्टेंशन आधीच हवं. एकाला दुसरं एक्स्टेंशन जोडायचं नाही, आणि वायर चालण्याच्या वाटेत न सोडता भिंतीच्या कडेने न्यायची. सर २७०० ते ३००० केल्विनची, पिवळसर उजेडाची घ्यावी. हॉलमध्ये ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र ट्यूब चालू असेल तर तिच्यापुढे सरी दिसतच नाहीत, आणि लोकांना वाटतं अजून दोन सरी हव्यात. आधी ट्यूब बंद करून एखादा टेबलदिवा लावून पाहावं. यांना चारऐवजी दोन सरी पुरल्या. त्यांतली एक बाल्कनीच्या कठड्याला लावली, कारण ती हॉलमधूनच दिसते, त्यामुळे बाल्कनीचे १० भाग वाचले. बाहेर लावायच्या सरीवर आयपी ४४ किंवा त्याहून वरचा आकडा हवा. उडत्या पाण्यापासून तेवढं तरी संरक्षण लागतं.

फुलांचे पैसे फक्त पाहुण्यांच्या दिवसासाठी ठेवावेत. माळेतलं फूल दुसऱ्या दिवशी मान टाकतं, पाण्यात ठेवलेलं काही दिवस टिकतं. म्हणून ताजी फुलं दाराजवळच्या आणि हॉलमधल्या भांड्यांत, माळ कापडी किंवा कागदी, पुढच्या वर्षीही चालेल अशी.

सगळ्यात महाग चूक भिंतीवर होते. नवा रंग काही तासांत वाळतो, पण घट्ट बसायला काही आठवडे लागतात, आणि खालची पुट्टी कच्ची असेल तर त्यानंतरही सोलते. दुहेरी चिकटपट्टी ओढली की रंगासोबत पुट्टीचा पापुद्रा निघतो, आणि तेवढ्याच जागी रंग लावला तरी चकाकी वेगळी पडून डाग दिसत राहतो. मग सगळी भिंत रंगवावी लागते. दाराआड पट्टीचा एक तुकडा २४ तास चिकटवून, हळूच भिंतीला समांतर ओढून बघा. रंगाचा कण जरी आला तरी पट्टी विसरायची. पडद्याचा दांडा, खिडकीचं गज, कपाटाची वरची कड, किंवा दोन उभे स्टँड आणि मध्ये काठी, यांवर माळ टांगता येते. यांनी पडद्याचा दांडा वापरला. खिळाच ठोकायचा असेल तर बटणांच्या पाटीच्या सरळ वर किंवा आडव्या रेषेत नको, वायरी बहुधा त्याच रेषेत असतात. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत पाण्याची नळी असू शकते.

राखीव ५ भागांबद्दल त्यांचं ठरलं होतं की सणाच्या आदल्या आठवड्यात दोघांनी मिळूनच खर्चायचे. त्यातले ३ एक्स्टेंशन आणि तारेचे हुक यांत गेले. उरलेल्या २ मधून नवऱ्याने न विचारता आईंच्या खोलीसाठी छोटा दिवा आणला. बायको रागावली, दिव्यावर नाही, न विचारण्यावर. पुढच्या भेटीत त्यांनी नियम बदलला : राखीव रकमेत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, आणि आपल्या वाट्याचा हिशेब एकमेकांना द्यायचा नाही.