पिकाच्या नावाने नळी विकू नका

प्रश्न: गावात ठिबकचं दुकान टाकतोय. नळ्यांना साइज आणि वापराप्रमाणे अशी नावं द्यायची आहेत की शेतकरी येऊन सरळ मागेल. कशी द्यावीत?

नावात आधी नळीचा व्यास, मग ड्रिपरचं ताशी पाणी, मग दोन ड्रिपरमधलं अंतर. १६ एमएम, ४ लिटर, ४० सेंटिमीटर असेल तर तोंडी 'सोळा-चार-सव्वा' म्हणा आणि बिलावर १६-४-४० लिहा. शेतकरी अंतर फुटातच बोलतो, नळीवर मात्र सेंटिमीटर छापलेले असतात. पीक नावात आणू नका.

मी सहा वर्षं चुलत्यांच्या दुकानात बसलो. त्यांनी १६-४-४० च्या बंडलांवर 'ऊस स्पेशल' लिहून ठेवलं होतं. शेजारच्या गावचा एक ऊसवाला आला, 'उसाची नळी द्या' म्हणाला, आम्ही दिली. त्याची सरी किती लांब, हे कोणीच विचारलं नाही. सरी होती ११० मीटर, आणि नळ्यांना पाणी देणारा पाइप, म्हणजे सबमेन, एका टोकाला. म्हणजे एका नळीवर २७५ ड्रिपर, ताशी ११०० लिटर. सोळाच्या नळीला एवढं पाणी लांबवर नेणं झेपत नाही, वाटेतच दाब मरतो. दोन महिन्यांत खालच्या टोकाचा ऊस गुडघ्याएवढाच आणि पिवळा. मी जाऊन ड्रिपरखाली डबे ठेवले. अर्ध्या तासात सबमेनजवळच्या डब्यात दोन लिटर, शेवटच्या डब्यात पाऊण लिटरही नाही.

त्याने 'वीस-चार-सव्वा' घेऊन, नाहीतर सोळाचीच दोन लिटरची नळी घेऊन, सरीची लांबी कमी धरायला हवी होती. दोन्ही नळ्या उसाला चालतात, म्हणून 'उसाची नळी' असं काही नसतंच. वापर सांगायचाच असेल तर बंडलावर चिठ्ठी लावा: 'सरी एवढ्या मीटरपर्यंत'. तो आकडा कंपनीच्या तक्त्यातून घ्या, अंदाजाने नको.

फिटिंगलाही व्यासाचा आकडा पुढे लावा: सोळाचा जॉइनर, सोळाचा टेक-ऑफ, सोळाचं एंड कॅप. वीसच्या नळीला सोळाचा जॉइनर बसत नाही, आणि रात्री पाणी सोडल्यावर ते कळलं तर माणूस शिव्या तुम्हालाच घालणार.

डाळिंब, आंब्याला ड्रिपर बाहेरून टोचतात, त्या नळीला 'सोळा साधी' म्हणा, ड्रिपर लिटरवर वेगळे विका. चढउताराच्या रानात दाब सांभाळणारे ड्रिपर लागतात, तिथे आकड्यांपुढे 'पीसी' जोडा. नळीचा क्लास, म्हणजे तिची भिंत किती जाड, तोही बिलावर घाला, हे आधीच सांगायला हवं होतं.

चुलते अजून म्हणतात, त्या माणसाची मोटर कमी पडली. मोटर तीच होती. आम्ही फक्त सबमेन रानाच्या मधोमध घेतली, दोन्हीकडे ५५ मीटर, आणि पुन्हा डबे लावले: जवळ दोन लिटर, टोकाला एकोणीसशे मिली.