चार लिटरच्या डब्यातून स्कूप किती निघतात?

प्रश्न: तालुक्याच्या गावी पार्लर टाकलं आहे. डिस्प्ले किती थंड ठेवू? आणि एका स्कूपचा खर्च कसा काढायचा? चार लिटरच्या डब्याचा हिशेब जुळतच नाही.

उत्तर:

आर्वीकडे माझं छोटं पार्लर आहे. पहिल्या उन्हाळ्यात माझाही हिशेब असाच फसला होता, कारण मी लिटरवर मोजत होतो. आइस्क्रीममध्ये बरीच हवा असते आणि स्कूप काढताना ती दाबली जाते. म्हणून डबा वजनावर मोजा.

माझ्या चार लिटरच्या डब्यातला माल निव्वळ २ किलो २०० ग्रॅम भरतो, खरेदी ५६० रुपये. ६५ ग्रॅमचा स्कूप धरला तर ३३ निघतात. कडेला चिकटलेलं, चव पाहायला दिलेलं आणि वितळलेलं जाऊन विकले जातात ३०. म्हणजे स्कूप पावणेएकोणीस रुपयांना पडला. कोन, वीज वेगळी. लिटरवर मोजून मी तो सव्वानऊला पडतो असं धरून बसलो होतो!

आता तापमान. साठ्याचा डीप फ्रीझर उणे १८ किंवा त्याहून खाली, आणि स्कूपचा डिस्प्ले उणे १२ ते १४. उणे १८ ला माल दगड होतो, मनगट दुखतं. उणे १० च्या वर गेला की मऊ पडतो, स्कूप घट्ट भरतो आणि तोच चमचा ८० ग्रॅम उचलतो. मग डब्यातून २७ निघतात, विकले जातात २४, आणि स्कूप तेवीस रुपयांच्या वर जातो. गिऱ्हाइकाला फरक कळतही नाही. म्हणून दुपारी एकदा तरी स्कूप काट्यावर ठेवून पाहा.

डायलवर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर डब्याच्या मधोमध खुपसा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा मागच्या जाळीला हवा मिळाली नाही तर मशीन चोवीस तास चालूनही गार करत नाही. माझ्या जाळीत जिनिंगच्या हंगामातला कापसाचा भुगा बसला होता. मऊ ब्रशने काढला, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, तेव्हा डबे उणे ९ वरून उणे १३ ला आले. मार्च लागायच्या आत हे करून घ्या.

लाईन गेली की डिस्प्लेतले डबे झाकून लगेच डीप फ्रीझरमध्ये हलवा आणि झाकण उघडू नका. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला डबा ओळखू येतो: मधे खचतो, कडेपासून सुटतो, जिभेला रव्यासारखा लागतो. तो विकू नका. पूर्ण पातळ झालेला तर फेकाच. वहीत मात्र त्याचं वजन लिहा, नाहीतर महिन्याअखेर तुमचे ३० स्कूप कागदावरच राहतील.