पाण्यावर तेल: तळाचे नाणे किती खोल दिसेल?

प्रश्न: भांड्यात ८ सेमी पाणी (अपवर्तनांक ४/३), त्यावर ६ सेमी तेल (१.५). वरून पाहिल्यास तळाचे नाणे किती खोल दिसेल? गोलीय पृष्ठभागाचे सूत्र इथे चालेल का?

उत्तर: १० सेमी. सूत्र चालते: n₂/v − n₁/u = (n₂ − n₁)/R. सपाट पृष्ठभागासाठी R अनंत, म्हणून उजवी बाजू शून्य.

आता एकेक पृष्ठभाग घ्या. पाण्यातून तेलात येताना प्रतिमा सीमेखाली ८ × १.५ ÷ (४/३) = ९ सेमीवर, म्हणजे चक्क नाण्याच्याही खाली पडते. घाबरू नका, बरोबर आहे. तेलाच्या वरच्या पृष्ठभागापासून ती ९ + ६ = १५ सेमी खाली. हवेत येताना १५ ÷ १.५ = १०.

हे जवळजवळ सरळ वरून पाहतानाच खरे. तिरके पाहिल्यास नाणे आणखी वर दिसते.